आठ वाजताचा सोफा: मावशीच्या हॉलच्या रंगांच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

आज डोंबिवलीला मावशीकडे जाऊन हॉल मोजला. दहा फूट बाय पंधरा फूट, एकच मोठी खिडकी, तीही पश्चिमेला. भिंती गेल्या वर्षीच ऑफव्हाइट करून झाल्यात, त्यामुळे रंगारी बोलवायचा नाही असं काकांनी आधीच सांगून ठेवलंय. फरशी हस्तिदंती. सोफा शाईच्या निळ्या रंगाचा, एक तीन जणांचा आणि दोन सुट्या खुर्च्या. समोरच्या भिंतीला आजीच्या वेळचं सागवानी शोकेस.

म्हणजे बदलता येण्यासारखं उरतं ते पडदे, उशांचे अभ्रे, सतरंजी आणि शोकेसवरच्या दोन-चार वस्तू. मावशीचं म्हणणं एका वाक्यात: "हॉल स्वच्छ दिसतो गं, पण कुणी राहत नसल्यासारखा दिसतो."

घरी येताना एक गोष्ट वहीत लिहून ठेवली. सागवानाला आपण तपकिरी म्हणतो, पण तपकिरी म्हणजे काळवंडलेला, मंद नारिंगी. त्यामुळे या हॉलमध्ये रंग एकच नाही. निळा आहेच, आणि शोकेसच्या रूपानं नारिंगीही आधीपासून हजर आहे. पुढचं सगळं या दोघांना धरून ठरवायचं.

१५ सप्टेंबर

मावशीला रंगचक्र समजावायचं होतं. छापील चक्र तिच्यापुढे ठेवलं असतं तर ती पाच मिनिटांत चहा टाकायला उठली असती, म्हणून भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बारा आकड्यांवर बारा रंग बसवले.

बारावर पिवळा. एकवर आंब्याचा पिवळा, म्हणजे नारिंगीकडे झुकलेला. दोनवर नारिंगी, तीनवर शेंदरी, चारवर लाल, पाचवर राणी. सहावर जांभळा, सातवर निळसर जांभळा, आठवर निळा. नऊवर मोरपंखी, दहावर हिरवा, अकरावर पोपटी. ही नावं मावशीला शिकवावी लागली नाहीत. साडीच्या दुकानात ती पन्नास वर्षं हेच बोलत आली आहे.

सोफा आठवर आहे. त्याच्या बरोबर समोर, सहा घरं पलीकडे, दोन येतात, म्हणजे नारिंगी. निळा आणि नारिंगी ही विरोधी जोडी. एकमेकांना सगळ्यात जास्त उठाव देतात, पण दोघं तोडीस तोड असले की खोलीत सतत भांडण चालल्यासारखं वाटतं.

इथून दोन वाटा निघतात. पहिलीत समोरचा दोन सोडून द्यायचा आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना बोलवायचं, एकला आणि तीनला. आंब्याचा पिवळा आणि शेंदरी. ही स्प्लिट कॉम्प्लिमेंटरी. घड्याळावर घरं मोजली तर आठपासून एकपर्यंत पाच, एकपासून तीनपर्यंत दोन, तीनपासून परत आठपर्यंत पाच. पाच-दोन-पाच.

दुसरीत तेच दोन रंग एकमेकांपासून आणखी एकेक घर लांब सरकवायचे. एकचा होतो बारा, तीनचा होतो चार. निळा, पिवळा, लाल. ही ट्रायडिक. चार-चार-चार.

मला स्वतःला हा फरक आकड्यांत बघितल्यावरच नीट कळला होता. पाच-दोन-पाचमध्ये दोन रंग शेजारी राहतात आणि तिसरा एकटा पडतो, त्यामुळे पुढारी कोण हे आपोआप ठरतं. आमच्या हॉलमध्ये तो सोफा. चार-चार-चारमध्ये तिघं सारख्या अंतरावर उभे, कुणीच कुणाचा नातेवाईक नाही. तिथं पुढारी आपल्याला नेमावा लागतो, आणि नेमला नाही तर तिघंही एकदम बोलतात.

१८ सप्टेंबर

मावसभावानं फोनवर एक रंगांचं अ‍ॅप उघडून दाखवलं. त्यात निळा निवडून स्प्लिट मागितलं तर नारिंगी आणि पोपटी आले. "ताई, तुझं घड्याळ चुकतंय का?" म्हणाला.

दोन्ही बरोबर आहेत, पण चक्रं वेगळी आहेत. स्क्रीनचं चक्र लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशावर उभं आहे आणि त्यात निळ्याच्या समोर पिवळा येतो. चित्रकारांचं चक्र लाल, पिवळा, निळा या रंगद्रव्यांवर उभं आहे आणि त्यात निळ्याच्या समोर नारिंगी. मी कापडासाठी दुसरं वापरते, कारण घरसजावटीतल्या बहुतेक जोड्या त्यावरच घडल्यात आणि त्यातली घरं आपल्या नावांशी जुळतात. अर्धं उत्तर या चक्रातून आणि अर्धं त्यातून घेतलं की मात्र काहीच जुळत नाही. एक धरायचं आणि शेवटपर्यंत तेच चालवायचं.

२२ सप्टेंबर

स्प्लिटची चाचणी केली. विकत काहीच आणलं नाही. मावशीचं कपाट उघडलं आणि साड्या, ओढण्या सोफ्यावर घडी करून ठेवल्या, उशीएवढ्या आकाराच्या. नमुना म्हणून हे शेड कार्डच्या चिटोऱ्यापेक्षा कितीतरी बरं, कारण दोन इंचांच्या तुकड्यावरून उशीभर रंग कसा वाटेल याचा अंदाज चुकतो. मोठ्या पृष्ठावर तोच रंग जास्त तीव्र वाटतो.

आधी शुद्ध शेंदरी ओढणी ठेवली. निळ्याला लागून तिची कड थरथरताना दिसली. हा डोळ्याचा गुण आहे. मिशेल शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. १८३९ साली त्यानं सविस्तर मांडलं की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात. निळा शेंदरीला आणखी तापवतो, शेंदरी निळ्याला आणखी गार करतो, आणि दोघंही पूर्ण ताकदीचे असले तर कडेवर ती ओढाताण डोळ्याला सोसत नाही.

म्हणून तीनवरच राहिले, पण त्याची ताकद कमी केली. शेंदरीत थोडा काळसरपणा आला की विटकरी होतो. मावशीची जुनी विटकरी नारायणपेठ ठेवली आणि सोफा एकदम शांत झाला. एकवरचा आंब्याचा पिवळाही तसाच गडद करून, दुकानदार ज्याला मस्टर्ड म्हणतात त्या छटेत आणला.

काका सोफ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे शोकेसशी जुळतंय." त्यांना घड्याळ माहीत नव्हतं, तरी त्यांनी नेमकं पाहिलं. शोकेस दोनवर आहे, म्हणजे विटकरी आणि मस्टर्डच्या मधोमध. स्प्लिटमध्ये जे घर आपण मुद्दाम रिकामं ठेवतो, तिथं आजीचं सागवान आधीच बसलेलं आहे, आणि मंद असल्यामुळे ते भांडत नाही, दोघांना सांधतं.

२९ सप्टेंबर

आज ट्रायडिक. मावशीची मनातून हीच इच्छा होती. लाल-पिवळ्याशिवाय घर सणाचं वाटत नाही, असं तिला वाटतं आणि तिचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही.

शुद्ध लाल आणि शुद्ध पिवळा सोफ्यावर ठेवला. बालवाडीचा वर्ग झाला. तिन्ही रंग सारख्या आवाजात ओरडत होते, डोळा एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिला. मावशीच म्हणाली, "उचल बाई."

मग विटकरीला जमलं तेच इथं करून पाहिलं, दोन्ही रंग गडद केले. आणि दोन्हीकडे वेगवेगळा घोळ झाला. लाल गडद केला की मरून होतो. मरून उशी दिवसा बरी दिसत होती, पण संध्याकाळी सोफ्यावर तिथं नुसती काळी पोकळी दिसायला लागली. फोननं कृष्णधवल फोटो काढला तेव्हा कारण दिसलं: मरून आणि शाईचा निळा फोटोत एकाच राखाडी रंगाचे आले, उशी कुठं संपते तेच कळेना. रंग घड्याळावर कितीही लांब असोत, उजेड-अंधारात सारखे असतील तर कमी प्रकाशात एकमेकांत मिसळतात. विटकरीचा तसाच फोटो काढला तर ती सोफ्यापेक्षा स्पष्ट उजळ आली. तेव्हापासून हा फोटो मी प्रत्येक जोडीचा काढते. दहा सेकंदांचं काम आहे.

पिवळ्याचं वेगळंच. शुद्ध पिवळा गडद केला की तो पिवळा राहतच नाही, शेवाळी होतो. रंगपेटीत पिवळ्यात थेंबभर काळा मिसळून बघा, हिरवा उतरतो. म्हणजे बारावरचा रंग गडद होताना अकराकडे घसरतो आणि ट्रायडिक मोडते. एकवरच्या पिवळ्यात आधीच नारिंगीचा अंश असल्यानं तो गडद होऊनही उबदार राहतो. गडद सोफ्याबरोबर निळ्याचं स्प्लिट सोपं जातं आणि निळ्याची ट्रायडिक अवघड जाते, त्याचं मोठं कारण मला इथं सापडलं.

ट्रायडिक जमवायचीच तर या सोफ्यावर पिवळा फिका करावा लागेल, लोण्यासारखा, आणि लाल एखाद्याच वस्तूपुरता. मावशीला फिका पिवळा नको आहे. तर निळा सोफा स्प्लिटमध्येच राहणार, हे आज दोघींनी मिळून ठरवलं.

२ ऑक्टोबर

कोणता रंग किती, याचा हिशोब. यात मी स्विस चित्रकार योहानेस इटेनची पट्टी वापरते. तो १९१९ ते १९२३ जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता. त्याच्या आधी जर्मन कवी गटेनं शुद्ध रंगांच्या उजळपणाला आकडे दिले होते, पिवळ्याला ९, नारिंगीला ८, लाल आणि हिरव्याला ६, निळ्याला ४, जांभळ्याला ३. इटेननं ते उलटे करून क्षेत्रफळ काढलं: उजळ रंग थोडा पुरतो, गडद रंग जास्त लागतो. पिवळा ३, नारिंगी ४, लाल ६, जांभळा ९, निळा ८, हिरवा ६.

आपले दोन रंग मधल्या घरांतले, म्हणून मधले आकडे घेतले. आंब्याचा पिवळा साडेतीन, शेंदरी पाच, निळा आठ.

समोरून सोफा आणि खुर्च्या मिळून सुमारे २८ चौरस फूट निळा दिसतो. त्या मापानं शेंदरी साडेसतरा आणि पिवळा बारा चौरस फूट झाला की तिघं समतोल होतील. पण मला समतोल नको, सोफा पुढारी हवा. म्हणून दोन्ही आकडे जवळपास निम्मे केले: विटकरी नऊ, मस्टर्ड साडेसहा.

हे आकडे समोर आले आणि पडद्यांचा बेत तिथंच कोसळला. मावशीला पूर्ण मस्टर्ड पडदे हवे होते. खिडकी पाच फूट रुंद, पडदा सात फूट उंच. ओढलेला पडदा म्हणजे ३५ चौरस फूट मस्टर्ड, हव्या त्याच्या पाचपटीहून जास्त. मग तो पडदाच पुढारी झाला असता आणि सोफा त्याच्यापुढे डाग. तोडगा असा काढला की पडदे ऑफव्हाइट, तळाशी एक फूट मस्टर्ड पट्टा. पट्ट्याचे पाच चौरस फूट आणि एक सोळा इंची उशी, जी पावणेदोन चौरस फुटांची असते. झाले पावणेसात.

विटकरीच्या तीन उशा म्हणजे सव्वापाच. उरलेला सतरंजीतून: चार बाय सहाची सतरंजी तिरप्या नजरेला निम्मीच दिसते, म्हणजे बारा चौरस फूट. तिच्यात विटकरी पट्टे एक तृतीयांश असले की चार. एकूण सव्वानऊ.

ही पट्टी शुद्ध रंगांसाठी आहे, आणि विटकरी, मस्टर्ड दोन्ही मंदावलेले आहेत, म्हणून फूट-दोन फूट इकडेतिकडे झाले तरी चालतं. पाचपट झालेलं मात्र चालत नाही.

६ ऑक्टोबर

नवरात्र सुरू आहे. मावशीनं कपाटातून तिची लग्नातली पैठणी काढली. मोरपंखी अंग, राणी काठ, पदरावर जर. "हे तीन रंग तुझ्या घड्याळात कुठं बसतात?"

मी नऊ, पाच आणि एक मोजले आणि क्षणभर गप्प झाले. मोरपंखी नऊ, राणी पाच, जरीचा सोनेरी म्हणजे एक. चार-चार-चार. पक्की ट्रायडिक. आणि तिच्यात पुढारीही नेमलेला आहे: अंगभर मोरपंखी, राणी काठापुरता, सोनेरी सगळ्यात थोडा. जर सगळ्यात उजळ आणि सगळ्यात कमी. मी परवा वहीत आकडेमोड करून जे काढलं ते या साडीत पाच वार विणलेलं होतं.

लगेच ती साडी सोफ्यावर टाकून बघितली आणि जमलं नाही. सोफ्याचा निळा चौथा झाला. आठ आणि नऊ इतके जवळ की मोरपंखी मळकट वाटायला लागला, जणू निळा रंगवताना चुकला असावा. ट्रायडिकला खालची जमीन रंगहीन लागते, नाहीतर जमिनीचा रंग तिघांतला एक असावा लागतो.

हॉलला लागून बंद केलेल्या बाल्कनीत एक दिवाण आहे, त्यावर पांढरट चादर असते. पैठणी तिथं नेली आणि ती लगेच शोभून दिसली. तर ट्रायडिक दिवाणावर: दोन मोरपंखी लोड, एक लहान आंबा पिवळी उशी, आणि राणी रंग फक्त लोडांच्या गोटात. राणी कमी ठेवण्याचं कारण हॉलमधून दिवाण दिसतो हे आहे. राणी आणि विटकरी एका नजरेत मोठ्या प्रमाणात आले तर दोघांपैकी एक चुकल्यासारखा वाटतो. एक वाजताचा पिवळा मात्र दोन्ही मांडण्यांत आहे. आतून बाहेर जाताना डोळा त्याचा हात धरून जातो.

१३ ऑक्टोबर

खरेदी. पडद्याचं कापड चार फूट पन्ह्याचं मिळालं. पाच फुटी खिडकीला चुण्यांसाठी दुप्पट कापड हवं, म्हणजे दहा फूट, त्यासाठी तीन पन्हे लागतात. ऑफव्हाइट साडेसहा मीटर आणि पट्ट्यासाठी मस्टर्ड दीड मीटर, दुमड आणि शिवण धरून. सुती आहे, म्हणून दोन्ही कापडं शिवण्याआधी पाण्यातून काढायची. वेगवेगळी आटली तर जोडावर सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीनं जात नाहीत.

मस्टर्डची तीन ताग्यांवर तीन नावं होती आणि तिन्ही वेगळे. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली ओळखू येईनात, म्हणून तिन्ही टोकं दुकानाच्या दारात उन्हात नेली. त्यातलं एक स्पष्ट हिरवट निघालं, ते बाराकडचं. नारिंगीकडे झुकलेलं घेतलं.

२० ऑक्टोबर

पडदे लागले, अभ्रे चढले. दिवसा मनासारखं. रात्री नऊला मावशीचा फोन: "पिवळा आजारी दिसतोय."

जाऊन पाहिलं. हॉलमध्ये ६५०० केल्विनची ट्यूब आहे, निळसर पांढरी. तिच्या उजेडात मस्टर्ड हिरवटतो आणि विटकरी फिकी पडते. २७०० चा पिवळा दिवा लावून पाहिला तर विटकरी आणि मस्टर्ड खुलले, पण सोफा काळा पडला, कारण त्या उजेडात निळा भागच कमी असतो, मग सोफ्यानं परत काय पाठवायचं? शेवटी ४००० वर थांबलो. तिथं तिन्ही रंग आपापल्या घरात राहतात. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय हा आकडा खोक्यावर नव्वदच्या वर आहे हेही पाहून घेतलं. तो कमी असला तर केल्विन बरोबर असूनही लाल-विटकरी रंग मातकट दिसतात.

पुढच्या वेळी दिवे आधी बदलायचे आणि कापड नंतर निवडायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

२७ ऑक्टोबर

शेवटची वस्तू राहिली होती, शोकेसच्या वरची जागा. मावशीनं उरलेल्या मस्टर्डचा रुमाल करून त्यावर पितळी समई ठेवली होती. वस्तू सुंदर, पण चार पावलं मागं गेलं की रुमाल, पितळ आणि सागवान एकच पिवळट पट्टा. एक आणि दोन शेजारी आहेत, सागवानावर मस्टर्ड उठत नाही.

समई देवघरात परत गेली, तिथं ती जास्त शोभतेही. शोकेसवर काकांच्या अभ्यासिकेतली निळी चिनी मातीची बरणी आणली, जेमतेम नऊ इंच उंच. दोनच्या समोर आठ. बरणीमागचं सागवान एकदम तांबूस दिसायला लागलं, जणू कालच पॉलिश केलंय, आणि सोफ्याचा निळा समोरच्या भिंतीवरही पोचला.

काकांनी बरणीत पेनं ठेवायची सवय आहे म्हणून ती परत मागितली. मावशीनं त्यांना दुसरा डबा दिला.